गॅस वजा केला की उरते ते सगळे उत्पन्न मानायचे का? अ‍ॅपवर टॅक्सी चालवणाऱ्याची ताशी कमाई

मुठाकाठचा
पुण्यात स्वतःची सीएनजी वॅगनआर अ‍ॅपवर चालवतो. कमिशन कापून आठवड्याला १५,६०० रुपये जमा होतात, गॅसला ३,९०० लागतात. अ‍ॅप ६० तास ऑनलाइन दाखवते, म्हणून मी ताशी १९५ धरतो. कर्जाचा हप्ता महिन्याला ११,७०० आहे. मेहुणे म्हणतात की खरे पाहता ताशी साठच पडतात. कोणाचे बरोबर?

वहीवाला
दोघांचेही नाही. आपण झीज सोडली आहे आणि मेहुण्यांनी ती दोनदा धरली असावी, असे दिसते. पाच वर्षे मी हेच काम केले आणि गाडी विकेपर्यंत वही ठेवली, म्हणून तिच्यातलेच आकडे देतो.

पहिली गोष्ट म्हणजे किलोमीटर अ‍ॅपवरून नव्हे, तर गाडीच्या मीटरवरून घ्यावेत. अ‍ॅप फक्त प्रवासी बसल्यापासूनचे अंतर दाखवते; त्याला आणायला जाणे, रिकामे परतणे, पंपावर जाणे आणि रात्री घरी येणे त्यात येत नाही. आपल्या गॅसच्या खर्चावरून, किलोला २६ किलोमीटर आणि ८८ रुपये दर धरला, तर गाडी आठवड्याला सुमारे १,१५० किलोमीटर धावत असणार. सोमवारी सकाळी आणि रविवारी रात्री मीटरचा फोटो काढून ठेवलात की हे पक्के कळेल.

माझी गाडी रस्त्यावर आली तेव्हा ६,९०,०००ला पडली होती आणि २,१०,००० किलोमीटर झाल्यावर २,७०,०००ला गेली. म्हणजे ४,२०,००० रुपये त्या अंतरात विरले, किलोमीटरला बरोबर २ रुपये. सर्व्हिसिंग, टायरचे चार संच, दोनदा क्लच प्लेट, ब्रेक, सस्पेन्शन आणि बॅटऱ्या मिळून २,७३,००० झाले, म्हणजे किलोमीटरला १ रुपया ३० पैसे. या हिशेबाने आपले आठवड्याचे ३,७९५ रुपये गाडीतच जिरतात. विमा, फिटनेस आणि इतर ठरलेले खर्च माझ्याकडे वर्षाला ४६,८०० होते, म्हणजे आठवड्याला ९००.

आता हप्ता. त्यातली मुद्दल हा खर्च नव्हे. त्या पैशाने घेतलेली गाडीच झिजते आहे आणि ती झीज आपण वर मोजली आहे. खर्च म्हणून फक्त व्याज धरायचे. साडेपाच लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत असेल, तर सरासरी व्याज आठवड्याला ५८० पडते. उरतात ६,४२५ रुपये. तास मात्र घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचे धरा. रोज बारा आणि सहा दिवस असतील, तर ७२ होतात, आणि ताशी सुमारे ८९ रुपये येतात. याच रकमेतून मुद्दलही वजा केली की मेहुण्यांचे साठ निघतात.

जुनीगाडी
वहीवाले काका, आपला अभ्यास मोठा आहे, पण झीज ही कागदावरची गोष्ट आहे असे माझे स्पष्ट मत आहे. माझी गाडी २,८०,००० किलोमीटर चालली आहे, कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटले, आणि मला कोणीही महिन्याच्या शेवटी झिजेचे बिल पाठवत नाही. खिशातून जाते तो खर्च. हप्ता खिशातून जातो, म्हणून चालवणाऱ्याच्या दृष्टीने तोच खरा. ज्याला तारखेला ११,७०० भरायचे आहेत, त्याला मुद्दल आणि व्याज वेगळे करून काय मिळणार?

भाड्याची गाडी
जुनीगाडी दादा, ते बिल मला दररोज येते. मी मालकाची गाडी चालवतो आणि दिवसाला ८५० रुपये देतो. विमा, दुरुस्ती आणि टायर मालकाकडे, गॅस माझा. सहा दिवसांचे ५,१०० होतात. वहीवाल्यांनी झीज, देखभाल, ठरलेले खर्च आणि व्याज धरले, त्यांची बेरीज मी करून पाहिली, ती ५,२७५ आली. झीज कागदावरची असती, तर मालकाने एवढे भाडे लावले नसते आणि मीही ते दिले नसते.

वहीवाला
हा पडताळा माझ्याही मनात आला नव्हता. जुनीगाडी, आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. दोन लाखांपुढे गाडीची किंमत प्रत्येक किलोमीटरमागे पूर्वीइतकी घसरत नाही, त्यामुळे आपल्याला दोन रुपये लावणे अन्यायाचे होईल. पण त्याच टप्प्यावर दुरुस्ती वाढते. मागच्या वर्षभराची गॅरेजची बिले आणि मीटरवरचे अंतर सांगितलेत, तर आपला स्वतंत्र दर काढता येईल. हप्त्याची तारीख सांभाळायला रोख हातात हवी, हेही खरेच. मात्र महिना निभेल का आणि या कामात राहणे परवडते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुचाकीवरची
मी स्कूटरवर जेवण पोहोचवते. माझी लिटरला ४५ किलोमीटर जाते, म्हणून पेट्रोल फार लागत नाही. प्रश्न तेवढाच असेल तर सीएनजी सोडून दुचाकी घ्यावी. माझा वेळ हॉटेलच्या दारात जातो. काल एका ऑर्डरसाठी मी पंचवीस मिनिटे उभी होते, आणि त्याचा एक पैसाही मिळाला नाही. तो वेळ तासांत धरायचा की नाही?

वहीवाला
ताई, मूळ प्रश्न इंधन बदलण्याचा नाही, परंतु आपण विचारलेले सर्वांत अवघड आहे. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये अ‍ॅप-टॅक्सीचालकांसाठी किमान मोबदला लागू केला, तेव्हा गाडी किती वेळ प्रवाशाविना असते हेही सूत्रात घेतले. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉप २२ या कायद्यातली किमान कमाईची हमी मात्र फेरी स्वीकारल्यापासून ती संपेपर्यंतच्या वेळेपुरतीच आहे. आपल्याकडे केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान तीन किलोमीटरचे मूळ भाडे ठेवून रिकाम्या अंतराची भरपाई धरली आहे. उभे राहण्याच्या वेळेचे उत्तर त्यातून मिळत नाही. हॉटेलच्या दारातले उभे राहणे मी निश्चित धरीन. फोन चालू ठेवून घरी जेवायला बसलेला अर्धा तास धरावा की नाही, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही.

जुनीगाडी
मग रोज समोर येणारी फेरी घ्यायची की नाही, हे ८९ रुपयांवरून ठरवायचे का?

वहीवाला
नाही, तिथे विमा आणि व्याज बाजूला ठेवा, कारण ती फेरी नाकारली तरी ते भरावेच लागतात. गॅस ३ रुपये ४० पैसे आणि झीज-देखभाल ३ रुपये ३०, असे प्रत्येक किलोमीटरला ६ रुपये ७० धरा. समजा १९० रुपयांची फेरी आहे, आणायला चार आणि सोडायला नऊ किलोमीटर. गाडीचे ८७ गेले, ५० मिनिटांत १०३ उरले, घ्यावी. तीच फेरी अशा टोकाला सोडत असेल की तेथून आठ किलोमीटर रिकामे यावे लागेल, तर १४१ जातात आणि सव्वा तासाचे ४९ हाती राहतात. फक्त गॅस मोजणाऱ्याला दोन्ही फेऱ्या बऱ्याच वाटतात, चूक तिथेच होते.

मुठाकाठचा
तीन दिवस मीटर लिहिले: ६१२ किलोमीटर. अ‍ॅपवर फेऱ्यांचे ३७४ दिसतात. एवढे रिकामे फिरतो, याची मला कल्पना नव्हती. पंपावर रोज पाऊण तास रांगेत जातो, तोही आता वेगळा लिहितो आहे. भाड्याची गाडी दादा, आपल्या मालकाकडे गाडी रात्री दुसरा कोणी चालवतो का? तसे असेल, तर ८५० ची तुलना माझ्या गाडीशी सरळ करता येणार नाही, असे वाटते.

भाड्याची गाडी
हो, रात्री दुसरा असतो. तो सातशे देतो.