नुसतं ‘मराठी करून द्या’ म्हटलं, तर कुठली मराठी द्यायची?

पंचवटीकर
औषधांच्या दुकानदाराकडून द्राक्षबागायतदारांसाठीचं दोन पानी इंग्रजी पत्रक आलंय. सांगणं एवढंच, ‘मराठी करून द्या’. संध्याकाळी छपाईला जायचंय आणि माणूस फोन उचलत नाहीये. पुस्तकी मराठी द्यावी की बोलीतली? माझं मत, काही सांगितलं नसेल तर पुस्तकीच. त्यावर कोणी बोट ठेवत नाही.

सातपूरचा मुद्रितशोधक
बरोबर. छापायचं म्हणजे लेखननियम आले. १९६२ पासून ते आहेत. ‘केलं’, ‘असं’ ही रूपं कुणाच्या तोंडचं बोलणं लिहिताना चालतात, पत्रकात ‘केले’, ‘असे’च शोभतं. उगाच गावरान करायला गेलात की वाचणाऱ्यालाच वाटतं, आपल्याला अडाणी समजताहेत.

पिंपळगावचा बागवाला
शोभण्यावर जाऊ नका. अशा पत्रकात हमखास एक ओळ असते: ‘अंतिम वापरानंतर २१ दिवसांच्या आत काढणी करणे टाळावे.’ आता सांगा, कसला वापर? आणि ‘टाळावे’ म्हणजे जमलं तर टाळा, असंच वाचलं जातं. व्यापारी दारात उभा, भाव चांगला, मग कोण टाळतंय? माल युरोपला जाणार असेल तर अवशेष तपासणीत अडकतो, आणि तिथे कोणी व्याकरण विचारत नाही. आम्ही म्हणतो, ‘शेवटच्या फवारणीनंतर २१ दिवस खुडा करू नका.’ म्हणून बोलीच हवी.

द्विभाषी
बागवाल्यांचं वाक्य चांगलं आहे, पण ते बोलीत नाही. पुन्हा वाचा. व्याकरण सगळं प्रमाण आहे, बदललेत ते शब्द आणि क्रियापद. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. भाषेचं रूप कुठलं, हा एक निर्णय. शब्द कुणाचे आणि सूर किती औपचारिक, हा वेगळा.

काहीच सांगितलं नसेल तेव्हा मी व्याकरण प्रमाण ठेवतो, शब्द वाचणाऱ्याच्या कामातले घेतो आणि त्याला ‘तुम्ही’ म्हणतो. इंग्रजी आज्ञार्थात तू की तुम्ही हे दिसतच नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. लहान मुलांचं काही नसेल तर ‘तुम्ही’ सहसा चुकत नाही.

पण अख्ख्या पत्रकाला एकच सूर लावू नका. पहिल्या पानावर सूचना असतील तर ‘हातमोजे घाला’, ‘वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका’. मागे कंपनीच्या जबाबदारीचा मजकूर असेल, तर तिथे ‘कंपनी जबाबदार राहणार नाही’ हेच ठीक. तो सोपा करताना ‘आमच्याकडे येऊ नका’ असं काही लिहिलंत, तर अर्थच बदलतो. आणि ‘फवारलं’, ‘फवारले’ यांतलं एक काहीतरी धरा. शेवटी एकदा फक्त तेवढ्यासाठी वाचा, सरमिसळ तिथेच सापडते.

फोन लागत नाही, ठीक. पहिल्या तीन ओळी मेसेजवर पाठवा आणि खाली लिहा: ‘शेतकरी स्वतः वाचणार असं धरून केलंय. दुकानात लावायचं किंवा गाडीवरून ऐकवायचं असेल तर कळवा.’ ‘औपचारिक की अनौपचारिक?’ असं विचारलंत तर ‘चांगलं करा’ एवढंच उत्तर येतं. नमुना समोर असला की माणूस लगेच सांगतो, हे नको, ते हवं.

कसमादेकर
मग सटाणा-मालेगावकडे अहिराणीतच का छापत नाही? आमच्या घरात मराठी बोलतच नाहीत. आमच्या मावशीला सरकारी पत्र कळायला मुलगा लागतो.

द्विभाषी
मावशींना नडतंय ते सरकारी वळण, तेही बघायला हवंच. पण ‘मराठी करा’ म्हटल्यावर न विचारता अहिराणी देणं म्हणजे भाषाच बदलणं. गाडीवरून ऐकवायचं असेल तर मी स्वतः अहिराणी सुचवीन. छापील कागद मात्र बहुतेकांना मराठीत वाचायची सवय आहे.

कसमादेकर
सवय नाही, दुसरं मिळतच नाही म्हणून. हे काही मला पटलं नाही.

सातपूरचा मुद्रितशोधक
‘करू नका’ मान्य, ‘टाळावे’ खरंच लेचंपेचं आहे. पण ‘खुडा’वर माझी शंका आहे. हेच पत्रक उद्या सांगलीकडच्या दुकानात गेलं तर? ‘काढणी’ सगळीकडे कळते.

पिंपळगावचा बागवाला
दुकान नाशिकचं, बागा निफाड-दिंडोरीच्या. सांगलीला जाईल तेव्हा सांगलीवाले बदलतील.

पंचवटीकर
नमुना पाठवला. उत्तर आलं: ‘गावातल्या सोसायटीच्या भिंतीवर पण लावणार आहे, अक्षर मोठं ठेवा.’ म्हणजे पहिल्या पानाची वाक्यं आणखी तोडावी लागणार. ‘खुडा’ ठेवतोय. मागचं पान भिंतीवर लावायचं की नाही, ते अजून त्याने सांगितलेलं नाही.