पन्नास वर्षांनी बायकोला पत्र: तुमच्या घरचे अनुभव सांगा

आमच्या आईबाबांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात ५० वर्षं होतात. बाबांना आईला पत्र द्यायचंय पण 'प्रिय' लिहून चार दिवस झाले, पुढं कागद कोराच हाय. कुणाच्या घरी असं पत्र लिहिलं असंल तर सांगा, कसं लिहिलं, काय ठेवलं, काय काढलं.

निपाणीकर लेक
आधी 'प्रिय' काढा. जुन्या पद्धतीत बायकोला 'चि. सौ. कां.' लिहितात, वर 'श्री', शेवटी 'कळावे, लोभ असावा'. माझ्या आजोबांची पत्रं तशीच होती.

वडगावचे आप्पा
ताई, 'श्री' बरोबर हाय, पण 'चि. सौ. कां.' लग्न ठरलेल्या मुलीला, पत्रिकेत असतं बघा. आमच्या वेळचे नवरे बायकोला 'सौ. अमुक हिस अनेक आशीर्वाद' लिहायचे. मला ते जमलं नाही, ५० वर्षं जिनं मला जेवू घातलं तिला मी आशीर्वाद कसा देऊ?

मी मागावर काम केलेला माणूस, वय ७८. आमची ही बैलहोंगलकडची, चौथीपर्यंत कानडी शाळा, मराठी आमच्या घरात येऊन शिकली आणि वाचायला तर मुलांच्या पुस्तकातनं. म्हणून पहिलं चार पानांचं पत्र फाडलं, त्यात 'सहजीवन', 'कृतज्ञता' असले शब्द होते जे मी स्वतः कधी तोंडानं बोललो नाही. मग एकच नियम केला, जे तिच्याशी चुलीपाशी बसून बोललो असतो तेवढंच लिहायचं. काळा पेन, एक ओळ सोडून एक ओळ, जोडाक्षरं जमतील तेवढी कमी. हे बघा:

*श्री*
*अगं ऐकलंस,*
*आज पन्नास वर्षं झाली. तू आलीस तेव्हा तुला मराठी येत नव्हतं. आई म्हणाली, तांब्या हळू आण. तू दूध घालून आणलास, कारण तुमच्यात हालु म्हणजे दूध. सगळे हसले, मी पण हसलो. रात्री तू रडत होतीस. मी जागा होतो, झोपल्यासारखं केलं. ते मला अजून आठवतं.*
*तू घर बघून दिवसभर कांड्या भरल्यास म्हणून माझा माग कधी थांबला नाही.*
*८३ साली दुसरा माग घेतला तेव्हा तुझ्या चार पाटल्या मोडल्या. निघत नव्हत्या तर तू हाताला साबण लावून काढून दिल्यास. मी म्हणालो, दिवाळीला परत करतो. झालं नाही माझ्याकडनं.*
*आता रोज सकाळी चहा मी करतो तो तुला गोड लागतो का, खरं सांग.*
*डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुझं, सावकाश वाच.*
*तुझाच*

खानापूरहून
छान. आम्हाला पण ५० व्या वाढदिवसाची पत्रिका छापायचीय, मराठी आणि कानडी दोन्हीत. आधी कुठली भाषा वर घ्यावी? सोयरे निम्मे धारवाडचे आहेत. आणि कुंदा किती किलो लागंल, दीडशे माणसं धरून?

टिळकवाडीची सून
दादा, इथं पत्राचं चाललंय, पत्रिकेचं नाही 🙂 आप्पा, माझं वेगळं मत आहे, पाटल्यांचं नको होतं. माझ्या सासऱ्यांनी पण असंच पत्र लिहिलं होतं, सासूबाईंना वाचता येत नाही म्हणून सगळ्यांसमोर मीच वाचलं. मधे एक ओळ आली, "तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसात तुला माहेरी पाठवलं नाही, चूक झाली." मी वाचून गेले आणि मग बघितलं तर सासूबाई पदर तोंडाला लावून उठून आत गेल्या. ४० वर्षं त्यांनी ते कधी काढलं नव्हतं. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. सासरे म्हणतात लिहिलं ते बरं केलं, मला अजून कळत नाही. पण एक सांगते, वाचून दाखवायचं असेल तर आधी एकटीनं वाचा आणि असलं काही असेल तर दार लावून दोघांनाच ऐकवा.

निपाणीकर लेक
'चि. सौ. कां.'चं कबूल आप्पा. आजोबांची पत्रं परत काढून बघते, बहुतेक ती आत्याच्या लग्नाच्या वेळची असतील. पण माफी लिहूच नये हे नाही पटत.

धागा काढणारी
बाबांना आप्पांचं पत्र वाचून दाखवलं. 'प्रिय' खोडला आणि 'अगं' लिहिलं, मग एका बैठकीत पान भरलं. मला दाखवत नाहीत.
आप्पा, काकूंनी काय म्हटलं पण?

वडगावचे आप्पा
पत्र तुळशीपाशी बसून बोट ठेवून वाचलं, अर्धा तास लागला. काही बोलली नाही. संध्याकाळी कागद उशीखाली सापडला. 'चार पाटल्या' मधला चार पेन्सिलीनं खोडलाय आणि वर कानडी आकड्यात दोन लिहिलंय. चहाच्या ओळीपाशी पण काहीतरी कानडीत आहे, मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. नातवाला दाखवायचं धाडस होईना, तिलाच विचारणार आहे.