मदत हवी आहे: पिशवीत पडदा की पिशवीच दोन शिंगांची, कसं कळतं?

ताईंनो, आम्ही परभणीकडचे. माझे मागे गर्भपात झालेत, तिसरा महिना संपायच्या आतच. एचएसजीचा एक्सरे काढला तर औषध इंग्रजी व्ही सारखं दोन बाजूला गेलेलं दिसतंय, नळ्या मात्र दोन्ही मोकळ्या. सोनोग्राफीत तीन सेंटीमीटरची फायब्रॉईडची गाठ पण आहे, पण ती भिंतीत आहे आणि आतल्या अस्तराला ढकलत नाही असं लिहिलंय.

इथल्या मॅडम म्हणल्या गाठ सध्या राहू द्या, अस्तरात घुसलेली असती तर काढावीच लागली असती, आधी पिशवीचं बघू. एक्सरेत फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरून पिशवी सपाट आहे का मधी खोल खाच आहे ते कळत नाही म्हणे. बाहेरून सपाट असली तर आत पडदा, तो दुर्बिणीतून कापता येतो, आणि खाच असली तर पिशवीच दोन शिंगांची, तिथं कापायला गेलं तर भोक पडायचं, तिला सहसा हात लावत नाहीत, फक्त दिवस राहिल्यावर लवकर कळा येतात का, बाळ आडवं आहे का यावर लक्ष ठेवतात. त्यासाठी थ्रीडी सोनोग्राफी नाहीतर एमआरआय सांगितलाय.

सासूबाईंचं आपलं एकच, गाठ काढून टाका.

तर संभाजीनगर किंवा नांदेडला अशी थ्रीडी कुणी केलीय का? पाळीच्या आधीच्या दिवसांत अस्तर जाड असतं तेव्हा चांगलं दिसतं म्हणतात, तुम्हाला कधी बोलावलं होतं? आणि पडदा कापलेल्यांनी किती महिने थांबून चान्स घेतला?