जीबीएसचा स्वॅब आणि कळांमधलं पेनिसिलिन: तुमचे अनुभव लिहा

बजाजनगरची

गेल्या मे महिन्यात माझी दुसरी मुलगी झाली. छत्तिसावा आठवडा संपता संपता आमच्या डॉक्टरबाईंनी स्वॅब घेतला आणि तीन दिवसांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. मला ना ताप, ना खाज, ना अंगावरून जास्तीचं काही. घाबरून मी पहिलं हेच विचारलं की मग आत्ताच गोळ्या द्या ना, अजून तीन आठवडे आहेत, तोवर निघून जाईल.

बाई म्हणाल्या, हा जंतू मुळात आतड्यात राहतो, तिथून योनिमार्गात येतो. आज गोळ्या दिल्या तर आठ दिवस दिसेनासा होईल आणि तुझ्या तारखेपर्यंत आतड्यातून परत आलेला असेल. तो तुला काही करत नाही. बाळ बाहेर येताना, किंवा पाणी फुटल्यावर वर चढून, तो बाळापर्यंत जातो. म्हणून औषध त्याच तासांत द्यायचं, शिरेतून. ते तुझ्या रक्तातून वारेवाटे बाळाच्या रक्तात पोचतं आणि वाटेवरचे जंतूही कमी होतात.

रात्री १:४० ला पाणी फुटलं. पहिल्या खेपेला मी कळा नीट सुरू होईपर्यंत घरीच थांबले होते. या वेळी बाईंनी बजावलं होतं की पाणी फुटलं तर कळांची वाट पाहू नकोस. सव्वादोनला दवाखान्यात पोचलो. हातावर पेनिसिलिनची टेस्ट झाली, आणि ३ वाजता पहिला डोस, ५० लाख युनिट. सातला दुसरा, २५ लाख. ८:२० ला मुलगी झाली, म्हणजे पहिल्या डोसनंतर पाच तास वीस मिनिटांनी. किमान चार तास मिळावेत असं बाई म्हणत होत्या, ते मिळाले. बाळाला एकही सुई टोचावी लागली नाही. दोन दिवस श्वास, ताप आणि दूध ओढणं एवढंच बघत होते.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकींनी या तपासणीचं नावही ऐकलेलं नाही. तुमचं काय झालं ते लिहा.

महालातली मावशी

जीबीएस म्हणजे २०२५ च्या जानेवारीत पुण्यात पसरला होता तोच ना? हातपाय लुळे पडायचे, व्हेंटिलेटर लागायचा. आमच्या शेजारच्या काकांना झाला होता. तो गर्भातल्या बाळालाही होतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या सुनेला सातवा महिना चालू आहे, आमच्याकडे सगळे पाणी उकळूनच पितात.

बजाजनगरची

नाही मावशी, तो वेगळा. तो नसांचा आजार, गियाँ-बारे सिंड्रोम. आद्याक्षरं सारखी आहेत म्हणून घोळ होतो, मलाही सासऱ्यांनी हेच विचारलं होतं. हा जंतू आहे आणि पाण्यातून येत नाही. सुनेची तारीख जवळ आली की छत्तिसाव्या आठवड्याच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

काटोल रोड

मी बाबा आहे, बायकोच्या वतीने लिहितो. आमचा मुलगा चार वर्षांपूर्वी झाला. तारखेच्या दहा दिवस आधी पाणी फुटलं. कळा नव्हत्या, म्हणून ‘बघू, बघू’ करत वेळ गेला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. पाणी फुटल्यापासून प्रसूतीपर्यंत २२ तास झाले आणि ते तास कुणी मोजून राहिलं नव्हतं, मी पण नाही. तपासणी झालेली नव्हती, अँटिबायोटिकही दिलं नाही.

बाळ जन्मलं तेव्हा छान रडलं. नऊ तासांनी दर श्वासाला बारीक कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. आजी म्हणाली, बाळं असा आवाज करतात. मग त्याने दूध सोडलं, अंग गार लागायला लागलं. ताप नव्हता, उलट गार होता, त्यामुळे आम्हाला इन्फेक्शन वाटलंच नाही. रात्रपाळीच्या सिस्टरने छातीचा पिंजरा आत ओढला जातोय हे पाहिलं आणि उचलून नेलं. रक्ताच्या कल्चरमध्ये हाच जंतू निघाला. पाठीतून पाणी काढून तपासलं, ते स्वच्छ आलं. दहा दिवस एनआयसीयूत शिरेतून इंजेक्शनं चालली. आज तो ठणठणीत आहे, नर्सरीत जातो.

आता बायकोला पुन्हा दिवस गेले आहेत. या वेळी स्वॅब निगेटिव्ह आला तर आम्ही निश्चिंत व्हायचं का, हे मला विचारायचं आहे.

ब्लड अगर

मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये सतरा वर्षं आहे. दादा, तुमच्या घरी स्वॅबवर काही ठरत नाही. आधीच्या बाळाला या जंतूचा आजार झाला असेल तर पुढच्या प्रत्येक बाळंतपणात कळांच्या वेळी अँटिबायोटिक द्यायचं, स्वॅब काढलाच नाही तरी. मुलाच्या कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स बायकोच्या फाइलला लावा आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना तोंडीही सांगा. मुलाची फाइल बालरोगतज्ज्ञांकडे आणि आईची दुसरीकडे, यात ही गोष्ट हरवते.

स्वॅबबद्दलही लिहिते, कारण चूक आमच्या टेबलावर येण्याआधीच झालेली असते. योनीच्या खालच्या भागातून, बाहेरच्या तोंडाजवळून, घ्यायचा आणि मग तोच स्वॅब गुदद्वाराच्या किंचित आत फिरवायचा. स्पेक्युलम लावायची गरज नाही. आमच्याकडे कितीदा तरी वरचा, गर्भाशयाच्या तोंडाजवळून घेतलेला स्वॅब येतो. वर ‘कल्चर’ एवढंच लिहिलेलं. तो साध्या प्लेटवर लावला जातो, इतर जंतू भरभरून वाढतात आणि हा त्यांच्याखाली झाकला जातो. रिपोर्ट निगेटिव्ह जातो. फॉर्मवर ‘जीबीएससाठी’ असं लिहिलं तर आम्ही स्वॅब आधी रात्रभर खास ब्रॉथमध्ये ठेवतो, त्यात बाकीचे दबतात आणि हा वाढतो, मग प्लेटवर घेतो. म्हणूनच दोन-तीन दिवस लागतात. तुमच्या हातात निगेटिव्ह कागद असेल तर स्वॅब कुठून घेतला हे विचारा.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही फॉर्मवर लिहा. मग आम्ही क्लिंडामायसिन चालेल की नाही ते तपासतो. हे ऐन प्रसूतीच्या रात्री तपासता येत नाही.

संत्रागल्ली

मला चौतिसावा आठवडा चालू आहे. पाचव्या महिन्यात लघवीच्या कल्चरमध्ये हाच जंतू आला होता. सात दिवस गोळ्या घेतल्या, परत तपासलं, एकदम क्लिअर. म्हणजे गोळ्यांनी जातो की! माझ्या मते स्वॅबचा खर्च करूच नये, लघवी स्वच्छ ठेवली म्हणजे झालं. माझ्या डॉक्टरांनी पण परत विषय काढला नाही.

ब्लड अगर

ताई, लघवीतला गेला हे खरं आणि ते औषध घ्यायलाच हवं होतं. पण लघवीत दिसला याचा अर्थ आतड्यात आणि योनीत तो भरपूर आहे, आणि तिथून गोळ्यांनी कायमचा जात नाही. तुम्हाला स्वॅब लागणार नाही हेही बरोबर, फक्त कारण उलटं आहे. गरोदरपणात एकदा लघवीत आला की तुम्ही पॉझिटिव्हच धरल्या जाता. आता स्वॅब निगेटिव्ह आला तरी कळांमध्ये अँटिबायोटिक द्यायचं असतं. पाचव्या महिन्याचा तो कागद शोधा.

संत्रागल्ली

अरे देवा. तो कागद आईकडे उमरेडला राहिला असेल. आणि माझं पहिलं बाळंतपण तीन तासांत उरकलं होतं. चार तास मिळणारच नाहीत मला, मग घेऊन फायदा काय?

सिस्टर, निवृत्त

लेबर रूममध्ये तीस वर्षं काढली, म्हणून सांगते. चार तास मिळाले तर उत्तम, पण दोन तास मिळाले तरी लावायचंच. चार तास पुरे होत नाहीत म्हणून डोस टाळायचा नाही आणि डोससाठी प्रसूती थांबवायचीही नाही. कमी वेळ मिळाला तर बाळाला दीड-दोन दिवस नीट पाहायचं आणि घरी जायची घाई करायची नाही. काटोल रोडवाल्या दादांनी लिहिलंय तेच पाहायचं. श्वास मिनिटाला साठच्या वर, कण्हणं, दूध न ओढणं, गार पडणं. तुझं घर लांब असेल तर शेवटचे पंधरा दिवस दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहा बाई. आणि पोचल्याबरोबर दारातच सांग, ‘मला जीबीएस आहे’. फाइल उघडेपर्यंत अर्धा तास जातो.

न्यू जर्सीहून

माझं माहेर रामदासपेठेत. इथे प्रत्येकीचा स्वॅब छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात घेतातच, न विचारता. नागपुरात एवढे मोठे दवाखाने असून सगळ्यांची तपासणी होत नाही, हा निष्काळजीपणाच म्हणायचा.

ब्लड अगर

इतकं सरळ नाही. इंग्लंडमध्येही सरसकट करत नाहीत. आधीचं आजारी बाळ, लघवीत जंतू, महिने भरण्याआधीच्या कळा, पाणी फुटून बराच वेळ, ताप, असे धोके पाहून देतात. अमेरिकेत हे सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातला आजार खूप कमी झाला, नव्वदीच्या सुरुवातीला हजार बाळंतपणांमागे १.८ होता, २०१५ पर्यंत ०.२३ वर आला. पण आपल्याकडच्या एनआयसीयूत मी जी रक्ताची कल्चर पाहते त्यांत क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर जास्त, हा त्या मानाने कमी. पेनिसिलिनचा त्यांच्यावर उपयोग नाही.

वर्धा रोड

मग तर माझा प्रश्न खरा आहे. मला स्वॅब पॉझिटिव्ह आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध घेतलं नाही तर अशा शंभर आयांपैकी एका-दोघींच्या बाळाला आजार होतो. म्हणजे अठ्ठ्याण्णव बाळांना उगीच अँटिबायोटिक. त्यांच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं काय? मी घेतलं, पण मनातून पटलेलं नाही.

काटोल रोड

ताई, त्या एकाचा बाप मी आहे. तुम्ही घेतलं ते बरं केलं, एवढंच म्हणतो.

सिस्टर, निवृत्त

दोघांचंही बरोबर आहे. एक मात्र राहिलं. कळांमधल्या औषधाने पहिल्या आठवड्यातला आजार टळतो, नंतरचा नाही. तीन आठवड्यांचं बाळही या जंतूने आजारी पडलेलं मी पाहिलंय, आईला दोन्ही डोस मिळालेले असताना. म्हणून पहिले तीन महिने ताप आला किंवा बाळ सुस्त पडलं की घरगुती उपाय नको, लगेच दाखवा. आणि सिझेरियन ठरवून असेल, पाणी फुटलेलं नसेल, कळा नसतील, तर यासाठी वेगळं अँटिबायोटिक लागत नाही. ऑपरेशनचं नेहमीचं इंजेक्शन असतं ते वेगळं.

संत्रागल्ली

आईने कागद शोधून मोबाइलवर फोटो पाठवला. तारीख बरोबर आहे, जंतूचं नावही आहे. आज दुपारी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं आणि पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का ते विचारलं. लहानपणी कुठल्याशा इंजेक्शनने अंगावर गांध्या आल्या होत्या असं आई म्हणते, पण कुठलं ते तिला आठवत नाही. परवा पुन्हा बोलावलं आहे.