मदत हवी आहे: मागच्या फसवणुकीबद्दल नव्या स्थळाशी कसे बोलावे?

सुपारीबाग: नमस्कार. मी रत्नागिरीत राहते. साखरपुड्यानंतर त्या मुलाचे मुंबईत दुसरीकडेही बोलणे चालू असल्याचे उघड झाले आणि आम्ही लग्न मोडले. आता विवाहजुळणीच्या ॲपवरून चिपळूणच्या एका मुलाशी ओळख झाली आहे. तो मुंबईत नोकरी करतो, स्वभावाने चांगला वाटतो. परंतु रात्री त्याचा फोन लागला नाही की मनात नाही नाही ते येते. गणपतीला तो गावी आला की मांडवीला भेटायचे ठरले आहे. त्याला सांगण्यासाठी मी असे लिहून ठेवले आहे: "माझी एकदा घोर फसवणूक झाली आहे, त्यामुळे माझा कोणावर विश्वास बसत नाही आणि खोटे मला खपत नाही." वाचताना मलाच ती तंबी वाटते.

खाडीपल्याड: हा विषय काढूच नये. मोडलेला साखरपुडा म्हटला की लोक मुलीतच खोट शोधतात. पहिल्या भेटीत तर नकोच.

वेशीवरची: मी विवाहपूर्व समुपदेशन करते. पहिल्या भेटीत नको, हे मलाही पटते. परंतु रत्नागिरी आणि चिपळूण यांच्यामध्ये कोणाची ना कोणाची आत्या असतेच, आणि तिच्या तोंडून ही गोष्ट त्याच्या घरी पोहोचण्याआधी, म्हणजे वडीलधाऱ्यांची बोलणी सुरू होण्यापूर्वी, ती तुमच्याकडून कळलेली बरी. तुमच्या वाक्यात काय घडले ते नाही, त्याच्याकडून काय हवे तेही नाही. आहे तो फक्त इशारा, आणि तोही न केलेल्या चुकीबद्दल. असे म्हणून पाहा: "माझा साखरपुडा झाला होता. त्याचे दुसरीकडेही बोलणे चालू होते, म्हणून मी नकार दिला. अजूनही फोन लागला नाही की मी बेचैन होते. उशीर होणार असेल तर एवढेच कळवत जा." जुन्या मुलाला विशेषणे लावू नका, कारण कडवटपणा तिथूनच डोकावतो. मग थांबा. "मी तसा नाही" असे घाईने सांगून तो विषय बदलतो, की काही विचारतो, हे पाहा. मात्र त्याने कळवूनही तुम्ही त्याचे 'लास्ट सीन' पाहत राहिलात, तर तो प्रश्न त्याच्या वागण्याने सुटणारा नाही. त्यासाठी वेगळी मदत घ्यावी लागेल.

आंबेवाला: आमच्या भावाच्या वेळी मुलीकडच्यांनी थेट कंपनीत जाऊन पगाराची चौकशी केली होती. तुम्हीही करून घ्या.

सुपारीबाग: दादा, चौकशी घरचे करतीलच, माझा प्रश्न बोलण्याचा आहे. वेशीवरची ताई, "उशीर झाला तर कळव" हे मला सहज म्हणता येईल. पण त्याने जुन्या मुलाचे नाव विचारले तर?

वेशीवरची: "नाव सांगणे मला योग्य वाटत नाही" एवढे पुरे.

खाडीपल्याड: इथे मी असहमत आहे. ओळखीतलाच कोणी निघाला, तर लपवल्यासारखे होईल.

वेशीवरची: तो ओळखीतला असण्याची शक्यता असेल, तर तुमचे म्हणणे खोडता येत नाही. मुलगा नेमका कुठला, हे त्या जाणतात. ते त्यांनीच ठरवावे.