मदत हवी आहे : फ्ल्यूमध्ये जेवण कमी, तरीही साखर वाढलेली

माझ्या ६८ वर्षांच्या आईला मधुमेह असून ती रात्री इन्सुलिन आणि सकाळी डापाग्लिफ्लोझिनची गोळी घेते. परवापासून तिला फ्ल्यूचा ताप आहे. पोटात जेमतेम पेज जाते, तरी एरवी १३० च्या आसपास असणारी उपाशीपोटीची साखर आज २६० आली. तापात शरीर ताणाची संप्रेरके सोडते, त्यामुळे यकृत रक्तात साखर ओतत राहते आणि इन्सुलिन कमी पडते, असे डॉक्टरांनी फोनवर समजावले. म्हणून ‘जेवली नाही, तर इन्सुलिन कशाला’ हा शेजारचा सल्ला आम्ही मानलेला नाही. गोळी मात्र जेवण सुरळीत होईपर्यंत त्यांनी थांबवली आहे, कारण अन्नपाणी कमी असताना तिच्यामुळे रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्ले, साचू शकतात, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी दिसताच रुग्णालयात आणण्यास त्यांनी बजावले आहे.

दर चार तासांनी आम्ही साखर तपासतो. रक्तातील कीटोन घरी मोजण्याचे यंत्र कोणी वापरले आहे का, आणि त्याच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात की मागवाव्या लागतात? शिवाय पेजेचाही कंटाळा आलेल्या रुग्णाला घोटघोट काय देता येईल, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.