तंबाखू ओढणाऱ्या वडिलांना डोळ्यांच्या गोळ्या: कुठल्या द्याव्यात?

निपाणीकर: अण्णा ७१ वर्षांचे. वखारीत जन्म गेला, विडी गेल्या वर्षी सोडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला, वयामुळे होणारा, कोरडा, मधला टप्पा. औषधाच्या दुकानात ‘डोळ्यांची शक्ती वाढवणारी’ म्हणून बाटली दिली, त्यात बीटा कॅरोटीन आहे. सुरू करू का?

खानापूरची वहिनी: गोळ्या कशाला वो? गाजर, शेवग्याचा पाला रोज द्या. माझ्या भाच्याचा नंबर गाजराच्या रसानं उतरला.

टिळकवाडी ऑप्टिशियन: वहिनी, पाल्याचं बरोबर, नंबराचं नाही. नंबर डोळ्याच्या आकारावर ठरतो, गाजरानं तो उतरत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा आला असेल तर मात्र गाजर, पपई, शेवगा कामाला येतात.

निपाणीकर, ती बाटली परत करा. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१३ साली आले, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला, आणि त्यातले बहुतेक आधी ओढणारे होते. अण्णांनी विडी सोडली असली तरी हे लागू होतं. ताटातल्या गाजराला मात्र भिऊ नका, धोका मोठ्या डोसच्या गोळीचा.

त्याऐवजी ल्युटीन १० आणि झिॲक्सँथिन २ मिलिग्रॅम असलेली गोळी त्याच अभ्यासात वापरली. सोबत क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, थोडं तांबं. मधल्या टप्प्यात अशा गोळीनं पाच वर्षांत आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण चौथाईनं कमी होतो. गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदू थांबत नाही. ‘शक्ती वाढते’ हे निव्वळ दुकानाचं बोलणं. जस्ताचा डोस मोठा असतो, पोट बिघडू शकतं, म्हणून जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारूनच.

गोकाकचा पाटील: मला शुगर आहे, डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात. हीच गोळी घेऊ?

टिळकवाडी ऑप्टिशियन: नको. तुमचा विषय वेगळा. बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, याच आठवड्यात. ठिपके एकदम वाढले किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी.

खानापूरची वहिनी: बरं, नंबराचं सोडा. पण पाला कसा करायचा तेवढं सांगते. मेथी, चाकवत, शेवगा, राजगिरा, तेलाची फोडणी हवीच, कोरडी भाजी अंगी लागत नाही.

टिळकवाडी ऑप्टिशियन: हे सोळा आणे खरं. ल्युटीन तेलातच शोषलं जातं. अंड्याचा पिवळा बलकही चालतो, खात असतील तर.

निपाणीकर: आमच्यात अंडं चालत नाही. आणि एक, अण्णा म्हणतात उजव्या डोळ्यानं दाराची चौकट वाकडी दिसते. आठ-दहा दिवस झाले म्हणे.

टिळकवाडी ऑप्टिशियन: मग गोळीचं नंतर बघू. सरळ रेघ वाकडी दिसणं म्हणजे कोरड्याचा ओला झाला असू शकतो, त्याला डोळ्यात इंजेक्शन लागतं आणि उशीर झाला तर उपयोग कमी. डावा डोळा झाकून चौकट परत बघायला लावा आणि उद्या सकाळीच पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या.